स्कॅन केलेल्या कराराची ‘शोधता येणारी’ प्रत मागताना : कुंडईच्या एका कारखान्याचं प्रकरण

कुंडई औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना. त्याचे दोन जनरेटर आणि एक एअर कॉम्प्रेसर यांची वार्षिक देखभाल वेर्ण्याचा एक पुरवठादार करतो. करार ४२ पानांचा, इंग्रजीत, आणि शेवटी ऑपरेटरसाठी मराठीतलं एक परिशिष्ट. हे प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे, पण यातली अडचण खरेदी विभागात बसणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल.

सह्या झाल्यावर करार मेलने आला तो दोन तुकड्यांत. पूर्ण फाइल ३१ एमबी भरली होती आणि जीमेलवर २५ एमबीच्या वरची फाइल जोडता येत नाही, म्हणून पुरवठादाराच्या माणसाने ती मधून तोडली. खरं तर काय घडलंय हे तिथेच कळायला हवं होतं. बहुतेक मजकूर आणि दोन-तीन तक्ते असलेला एवढा करार वर्डमधून थेट पीडीएफ केला तर एक एमबीसुद्धा होत नाही. तो ३१ एमबीचा झाला म्हणजे आत मजकूर नाही, पानापानाचे फोटो आहेत.

पण फाइलच्या वजनाकडे कोण बघतं? पाऊस लागला, वीज जायला लागली, आणि एका जनरेटरची बॅटरी बसली. नवी बॅटरी करारात येते की तिचे पैसे वेगळे, एवढाच प्रश्न. खरेदी पाहणाऱ्या बाईंच्या मदतनिसाने पीडीएफ उघडली, `Ctrl+F` दाबून `battery` शोधलं. निकाल शून्य. ‘करारात बॅटरीचा उल्लेखच नाही’ असा निरोप प्रॉडक्शनला गेला आणि बाहेरच्या मेकॅनिकला बोलावून नवी बॅटरी बसवली गेली. करारात उल्लेख होता. परिशिष्ट ख मध्ये लिहिलं होतं की बॅटरीची किंमत ग्राहकाची, पण ती आणून बसवण्याची मजुरी करारातच धरलेली आहे. म्हणजे मजुरी दोनदा भरली गेली.

स्कॅन केलेल्या कराराचा खरा धोका हाच. शोधायला वेळ लागतो ही गैरसोय झाली. पण शोध शून्य निकाल देतो आणि तो निकाल ‘कलम नाही’ या उत्तरासारखाच दिसतो, हे नुकसान. पडद्यावर अक्षरं स्वच्छ दिसत असतात, त्यामुळे संगणकाला ती दिसत नाहीत ही शंका मनात येतच नाही.

फाइल नक्की कशी आहे हे आधी ठरवणं

पुरवठादाराला लिहिण्याआधी आपल्या हातात पुरावा हवा, नाहीतर ‘तुमच्या कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम असेल’ हे उत्तर ठरलेलं. सगळ्यात भरवशाची तपासणी अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये होते. फाइल उघडून `Ctrl+D` दाबायचं आणि `Fonts` हा भाग बघायचा. मजकूर असलेल्या पीडीएफमध्ये तिथे फॉन्टची नावं येतात, निव्वळ स्कॅनमध्ये जागा कोरी असते. त्याच खिडकीत `Description` खाली `PDF Producer` दिसतं. या कराराच्या बाबतीत तिथे झेरॉक्स मशीनचं मॉडेल होतं, वर्डचं नाव नव्हतं. ज्यांना कमांड चालतात त्यांना पॉप्लर या मोफत संचातल्या दोन ओळी पुरतात:

```
pdffonts karar.pdf
pdftotext -f 5 -l 5 karar.pdf -
```

पहिली ओळ फॉन्टची यादी देते, दुसरी पाचव्या पानाचा मजकूर. स्कॅनमध्ये पहिलीतून नुसतं रकान्यांचं शीर्षक येतं आणि दुसरीतून काहीच नाही.

`Ctrl+F` वर मात्र या कामासाठी विसंबू नये. हल्ली काही ब्राउझर आणि मॅकवरचं प्रिव्ह्यू फोटोतली अक्षरं जागच्या जागी ओळखतात. त्यामुळे पुरवठादाराच्या माणसाने तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर त्याला शब्द सापडू शकतो आणि तो मनापासून म्हणतो, ‘माझ्याकडे तर शोधता येतंय.’ दोघंही खरं बोलत असतात आणि मेलामेली चालू राहते. `Fonts` ची जागा दोघांच्या पडद्यावर सारखीच कोरी दिसते, म्हणून बोलणं तिथून सुरू करायचं.

पुरवठादार स्कॅनच का पाठवतो

यात आळस असतोच असं नाही. कराराचं पहिलं पान स्टॅम्प पेपरवर छापलेलं, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंची छोटी सही, शेवटी पूर्ण सह्या आणि गोल शिक्का. हा कागद पाठवायचा तर स्कॅनच करावा लागणार. डिजिटल सही झाली असती तर गोष्ट वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० तिला मान्यता देतो, आणि अशी सही मूळ पीडीएफवरच होत असल्याने आतला मजकूर जसाच्या तसा राहतो. फक्त त्या फाइलची प्रिंट काढून किंवा `Print to PDF` करून पुढे पाठवायची नाही, कारण नव्या फाइलमध्ये सहीचं चित्र तेवढं उरतं, सही पडताळता येत नाही.

इथे सह्या शाईच्या होत्या. त्यामुळे ‘स्कॅन न केलेला सही केलेला करार’ अशी वस्तू मुळात अस्तित्वातच नव्हती. मागायची होती ती दुसरी फाइल, म्हणजे ज्या मसुद्याची प्रिंट काढून सह्या केल्या तो मसुदा. हा फरक मागणाऱ्याच्या डोक्यात स्पष्ट नसेल तर मेलमध्ये तो येत नाही, आणि समोरच्याला वाटतं की आपण पाठवलेला करार यांना मान्य नाही. पुरवठादाराच्या कार्यालयात करार सांभाळणाऱ्या माणसाची आणखी एक भीती असते. आपल्या वर्ड फाइलमध्ये कुणी चार शब्द बदलून उद्या तोच करार म्हणून पुढे केला तर? ही भीती रास्त आहे, आणि तिचं उत्तर मेलमध्येच द्यावं लागतं.

पहिला मेल आणि त्याची दोन उत्तरं

कारखान्याचा पहिला मेल एका ओळीचा होता: ‘करारात शब्द शोधता येत नाही, कृपया सॉफ्ट कॉपी पाठवा.’

उत्तरात तीच फाइल परत आली, या वेळी ड्राइव्हच्या लिंकने, एकसंध. सोबत फोन: ‘बाई, सॉफ्ट कॉपीच तर दिली होती तुम्हाला.’ त्यांचं चुकलं नव्हतं. कागद सोडून जे काही असतं त्या सगळ्याला कार्यालयात सॉफ्ट कॉपी म्हणतात. म्हणून मेलमध्ये फाइल कुठून निघाली पाहिजे ते सांगावं लागतं; तिला काय म्हणतात यावर काहीच ठरत नाही.

पुन्हा फोनवर सांगितल्यावर दुसरं उत्तर आलं आणि ते जास्त घातक होतं. त्यांच्या झेरॉक्स मशीनमध्ये `Searchable PDF` असा पर्याय आहे. कुणीतरी कागद पुन्हा मशीनवर घातला आणि तो पर्याय लावून स्कॅन केला. आता `battery` सापडत होतं. मदतनीस खूश. पण या प्रकारात यंत्र फोटोवरून अक्षरं अंदाजाने ओळखतं आणि तो अंदाज फोटोच्या मागे अदृश्य थरात ठेवतं. डोळ्यांना दिसतो तो मूळ फोटो, शोध आणि कॉपी चालतात त्या अंदाजावर. दोन्हींत तफावत असली तरी पडद्यावर ती दिसत नाही.

ती दिसते कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकल्यावर. दरपत्रकातल्या तीन ओळी अशा निघाल्या:

```
Visit charge (emergency)   218,500
Oil and filter change every 5OO hrs
Response time 4 hrs / 24x7   Z2,0O0
```

पहिल्या ओळीतला मूळ आकडा ₹18,500 आहे. इंग्रजीपुरतंच शिकवलेलं यंत्र ₹ या चिन्हाला सर्रास 2, Z किंवा % समजतं, आणि 2 समजलं तर साडेअठरा हजारांचे दोन लाख अठरा हजार पाचशे होतात. Z आला तर निदान चूक डोळ्यात भरते. 2 आला तर आकडा अगदी खरा वाटतो. दुसऱ्या ओळीत शून्यांच्या जागी O हे अक्षर आहे, त्यामुळे `500` शोधलं तर पुन्हा निकाल शून्य. गोल शिक्का जिथे मजकुरावर पडला होता तिथल्या अडीच ओळी तर गायबच होत्या. त्या ओळी नुकसानभरपाईच्या कमाल मर्यादेच्या होत्या, कारण शिक्का बहुधा शेवटच्या पानांवर बसतो आणि ती कलमंही बहुधा तिथेच असतात.

मशीनने असा थर घातलाय का हे ओळखायला पुन्हा `Fonts` बघावं. तिथे `HiddenHorzOCR` किंवा `GlyphLessFont` असं नाव असेल तर तो अंदाजाचा थर. पहिलं नाव अ‍ॅक्रोबॅटने ओळख केल्यावर येतं, दुसरं टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने. वेगळ्या यंत्रांत वेगळी नावं असू शकतात, म्हणून जोडीला ४०० टक्के मोठं करून बघावं. खऱ्या मजकुराची कड कितीही वाढवली तरी धारदार राहते, फोटोतली कड चौकोनी ठिपक्यांत फुटते.

आपल्यालाच अशी अक्षरओळख करता येत असताना पुरवठादाराला त्रास कशाला, असं कुणी विचारेल. तात्पुरतं कलम कुठल्या पानावर आहे ते शोधायला ते ठीक आहे. पण त्यातून निघालेला आकडा पत्रात, बिलाच्या वादात किंवा एक्सेलमध्ये वापरायचा असेल तर प्रत्येक वेळी फोटोशी ताडून बघावा लागणार. शिवाय चुकलं तर चूक आपली, पुरवठादाराची नाही.

दुसरा मेल, पूर्ण

> विषय : देखभाल करार (२ जनरेटर, १ कॉम्प्रेसर) – वर्डमधून थेट काढलेली पीडीएफ हवी, शुक्रवारपर्यंत
>
> नमस्कार साहेब,
>
> सही-शिक्क्याच्या कराराची स्कॅन प्रत मिळाली आहे आणि ती आम्ही दप्तरी लावली आहे. दोघांवर बंधनकारक प्रत तीच राहील. तिच्या बदल्यात दुसरं काही मागत नाही.
>
> तिच्या जोडीला संदर्भासाठी एक फाइल हवी आहे. ज्या वर्ड फाइलची प्रिंट काढून आपण सह्या केल्या, तीच फाइल उघडून File → Save As → PDF असं करून पाठवावी. तिच्यावर सही, शिक्का, स्टॅम्प पेपर नसला तरी चालेल. वर्ड फाइल आम्हाला नको, पीडीएफ पुरे.
>
> कारण असं : स्कॅनमध्ये शब्द शोधता येत नाही. बॅटरीची मजुरी परिशिष्ट ख मध्ये असूनही आमच्या माणसाला ती सापडली नाही आणि काम बाहेरून करून घेतलं गेलं. मशीनच्या Searchable PDF पर्यायाने पाठवलेली फाइलही तपासली. तिच्यात दरपत्रकातला ₹18,500 हा आकडा कॉपी केल्यावर 218,500 असा येतो. म्हणून कागद पुन्हा स्कॅन करण्याचा त्रास घेऊ नये.
>
> पाठवण्यापूर्वी एवढं बघावं : पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून Ctrl+D दाबल्यावर Fonts मध्ये आपण वापरलेल्या फॉन्टची नावं दिसली पाहिजेत. ती जागा कोरी असेल तर फाइल स्कॅनच आहे.
>
> सहीच्या वेळी हाताने काही दुरुस्त्या झाल्या असतील तर त्या या फाइलमध्ये घालू नयेत. कोणत्या कलमात काय बदललं तेवढं मेलमध्ये लिहावं.
>
> परिशिष्ट घ (मराठी) कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केलं आहे ते कळवावं. त्या दोन पानांची मात्र वर्ड फाइल द्यावी, कारण ती भिंतीवर लावण्यासाठी मोठ्या अक्षरात छापायची आहेत.
>
> मूळ फाइल आपल्याकडे नसून मुख्य कार्यालयाकडे असेल तर तिथे कोणाला लिहायचं ते सांगावं, आम्ही लिहू.
>
> आपला/आपली,
> (नाव, खरेदी विभाग, फोन)

या मेलमधली पहिली तीन वाक्यं सगळ्यात जास्त काम करतात. करार नाकारला जात नाही आणि बंधनकारक प्रत बदलत नाही, हे आधी सांगितल्याशिवाय पुढची मागणी समोरचा मोकळ्या मनाने वाचत नाही. ‘वर्ड फाइल नको’ हे वाक्यही त्यासाठीच आहे. कित्येक जण सोय म्हणून वर्ड फाइल मागतात आणि तिथेच मेल वकिलाकडे जाऊन अडकतो. पीडीएफ मागितली तर ती कार्यालयातल्या कार्यालयात सुटते.

कारणाच्या परिच्छेदात तक्रारीचा सूर आणायचा मोह होतो. मजुरी दोनदा गेली आहे, राग असणारच. पण तो पैशांचा वाद वेगळ्या मेलमध्ये घ्यावा. इथे बॅटरीचा उल्लेख फक्त मागणी कशाला हे समजावण्यापुरता. ₹18,500 चं उदाहरण मात्र नेमकं द्यायलाच हवं, कारण ‘मशीनवाली फाइल नको’ असं नुसतं म्हटलं तर तो हट्ट वाटतो. आकडा दाखवला की पुरवठादारालाही कळतं की असा गोंधळ त्याच्याही अंगाशी येऊ शकतो.

मुदतीबद्दल एक. ‘लवकरात लवकर’ याला अर्थ नाही, वार लिहावा. आणि चवथीच्या आठवड्यात असा मेल पाठवू नये. गोव्यात त्या दिवसांत टेबलावर माणूस असेलच याची खात्री नसते आणि सुट्टीनंतर जुने मेल तळाला जातात.

जे आलं ते तपासणं

पीडीएफ आली. ४१ पानं, ६४० केबी, `PDF Producer` मध्ये वर्डचं नाव, `Fonts` मध्ये चार नावं. `battery` पाच ठिकाणी सापडलं.

४२ ऐवजी ४१ पानं का, हा पहिला प्रश्न. स्टॅम्प पेपरवर वरची अर्धी जागा मुद्रांकाने व्यापलेली असते, म्हणून छापताना पहिल्या पानावर एकच परिच्छेद बसला होता आणि पुढचं सगळं सरकलं होतं. फरक निरुपद्रवी, पण परिणाम लक्षात ठेवण्याजोगा : यापुढे पत्रव्यवहारात पान क्रमांक द्यायचा नाही, कलम क्रमांक द्यायचा. ‘पान १७ वरची अट’ म्हटलं तर दोन प्रतींत दोन वेगळ्या अटी निघतील.

दुसरी गोष्ट निरुपद्रवी नव्हती. कलम १४.२ मध्ये करार संपवण्यासाठी ३० दिवसांची नोटीस लिहिली होती. सही केलेल्या प्रतीत ३० वर आडवी रेघ मारून वर पेनाने ६० लिहिलेलं आहे आणि बाजूला दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत. पुरवठादाराने मेलमध्ये या दुरुस्तीचा उल्लेख केला नव्हता, विसरला होता. आता विचार करा, वर्षभराने कुणी `notice` शोधेल, क्षणात ३० सापडेल, आणि स्कॅन उघडून बघायचं त्याच्या मनातही येणार नाही. शोधता येणारी प्रत हातात आल्यावर सही केलेली प्रत कुणी उघडत नाही, म्हणून पडताळणी आल्या दिवशीच करावी लागते.

ती सगळा करार शब्दन् शब्द वाचून करायची गरज नाही. दोन माणसं बसतात. एक स्कॅनवरून मोठ्याने वाचतो, दुसरा नव्या फाइलवर बोट ठेवतो. वाचायचं काय, तर प्रत्येक कलमाचा क्रमांक आणि शीर्षक, सगळे आकडे आणि तारखा, आणि `not`, `except`, `excluding` हे शब्द असलेली वाक्यं. स्कॅनचं पान संपलं की समासात पेनाची खूण आहे का बघायचं. एवढ्या करारासाठी साधारण एक दुपार जाते. संगणकावर दोन्ही मजकूर ताडून बघता येतात खरे, पण स्कॅनची अक्षरओळख इतके खोटे फरक दाखवते की खरा फरक त्यात हरवतो. आणि पेनाने लिहिलेलं ६० यंत्राला बहुधा वाचताच येत नाही.

या ताळ्यात आणखी एक शक्यता तपासली जाते. पुरवठादाराने सहीच्या आधीचा जुना मसुदा तर पाठवला नाही ना? त्यांच्या फोल्डरमध्ये `final`, `final2`, `final_revised` अशा नावांच्या फाइली असतात आणि घाईत भलतीच निवडली जाते. दर आणि परिशिष्टांची संख्या जुळली तर हा संशय मिटतो. इथे जुळली.

कलम १४.२ साठी पुरवठादाराला नवी दुरुस्त फाइल मागितली नाही. मागितली असती तर तिसरीच आवृत्ती तयार झाली असती, जिच्यावर कुणाचीच सही नाही. त्याऐवजी दोन ओळींचा मेल गेला : ‘सही केलेल्या प्रतीत कलम १४.२ मध्ये ३० च्या जागी ६० दिवस आहेत. संदर्भ प्रतीत छापील ३० आहे. ६० हेच लागू, याला उत्तरी होकार द्यावा.’ होकार आला. मग संदर्भ प्रतीत त्या कलमावर पीडीएफची पिवळी चिठ्ठी लावून त्यात ‘सही प्रतीत ६०, पुरवठादाराचा मेल पाहा’ असं लिहिलं. मजकूर शाबूत राहिला आणि शोधणाऱ्याला इशारा मिळाला.

मराठी परिशिष्टाचा तिढा

परिशिष्ट घ स्कॅन नव्हतं, `Fonts` मध्ये नाव होतं, अक्षरं ४०० टक्क्यांवर धारदार होती. तरीही ‘सुरक्षा’ शोधलं की काही सापडेना. कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. कारण यादीत होतं : `DVB-TTSurekh`. हा युनिकोडच्या आधीच्या पिढीतला फॉन्ट. त्यात मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेले असतात, म्हणून डोळ्याला मराठी दिसतं आणि संगणकाला दिसतं ते भलतंच. `SHREE-DEV-0714` सारखी नावं दिसली तरी हेच समजावं. सरकारी आणि छापखान्याच्या कामातून आलेल्या मजकुरात हे फॉन्ट आजही भेटतात.

यावर नवी पीडीएफ मागण्यात काही हशील नव्हतं. त्याच वर्डमधून पुन्हा तेच आलं असतं. वर्ड फाइल आणि फॉन्टचं नाव आधीच मागितलं होतं, ते इथे उपयोगी पडलं. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये नेला आणि दोन पानं हाताने तपासली. रफार आणि जोडाक्षरं अशा रूपांतरात हमखास बिघडतात, ‘दुर्घटना’ आणि ‘कार्यपद्धती’ हे शब्द आधी बघावेत. युनिकोड केल्यावरही मराठीसाठी पीडीएफपेक्षा वर्डमध्ये शोधणं बरं. पीडीएफमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसण्याच्या क्रमाने साठवली गेली असेल तर ‘नियमित’ टाइप करून सापडत नाही, कारण आत ‘ि’ आधी आणि ‘न’ नंतर असा क्रम असतो.

दप्तर आणि पुढचं नूतनीकरण

दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या, नावं `DG-AMC_sahi-prat_scan.pdf` आणि `DG-AMC_sandarbh-prat.pdf`. होकाराचा मेल पीडीएफ करून तिसरा. संदर्भ प्रत कुणालाही मेलने द्यायला हरकत नाही, पण बिलाच्या वादात किंवा वकिलाकडे पाठवायची ती सही प्रतच, आणि सोबत मूळ कागद कुठल्या कपाटात आहे त्याची नोंद.

पुढच्या वर्षीच्या मसुद्यात घालण्यासाठी खरेदी विभागाने एक कलम तयार करून ठेवलं आहे : ‘सह्या झाल्यापासून ७ दिवसांत पुरवठादार करारनाम्याच्या अंतिम मसुद्याची, मूळ फाइलमधून थेट काढलेली, मजकूर शोधता व कॉपी करता येणारी पीडीएफ देईल. हस्तलिखित दुरुस्त्यांची यादी सोबत असेल. सही केलेली प्रत आणि ही प्रत यांत फरक आढळल्यास सही केलेली प्रत ग्राह्य.’ त्यात ‘कॉपी करता येणारी’ हे शब्द मुद्दाम आहेत. काही कार्यालयं पीडीएफला कुलूप घालतात, मग `Security` मध्ये `Content Copying: Not Allowed` येतं. कलम सापडतं, पण पत्रात उतरवायचं तर ते पुन्हा हाताने टाइप करावं लागतं.